त्रिताल हातावर धरताना नववी मात्रा का चुकते

मिरजेत सतारमेकर गल्लीपासून हाकेच्या अंतरावर माझा गाण्याचा क्लास आहे. तिथे प्रवेशिकेच्या तयारीला एक काकू येतात. शाळेतून निवृत्त झाल्या आणि दुसऱ्याच आठवड्यात वही घेऊन दारात उभ्या राहिल्या. त्रितालाचा ठेका त्या घडाघडा म्हणायच्या, एकट्याने म्हणताना हातही बिनचूक चालायचा. पण तबलजी वाजवायला बसला आणि मी म्हटलं, "काकू, आता नुसता हात धरा," की कालाचा हात नवव्या मात्रेऐवजी दहाव्या मात्रेला बाहेर जायचा. एकदा नाही, प्रत्येक आवर्तनात.

"सर, मी तबला नीट ऐकूनच हात टाकते हो," असं त्या कळवळून सांगायच्या. खरंच ऐकत होत्या, आणि म्हणूनच चुकत होत्या. ही चूक इतक्या जणांची होते की तिच्यावरच सविस्तर लिहावंसं वाटलं. त्रितालात हात जे सांगतो आणि डग्गा जे सांगतो, त्यांत एका मात्रेचा फरक आहे. तो कळला की पुढचं बरंच सोपं होतं.

आधी हात. त्रितालाच्या मात्रा १६, चार-चार मात्रांचे चार खंड. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्या मात्रेवर काल. तीन टाळ्या म्हणून त्रिताल. कालाला काही जण खाली म्हणतात, अर्थ तोच. पहिल्या मात्रेची टाळी म्हणजे सम.

मांडी घालून बसा. डावा तळवा वर करून डाव्या मांडीवर ठेवा, तो शेवटपर्यंत तिथून हलणार नाही. उजव्या तळव्याने त्यावर टाळी द्या: ही पहिली मात्रा. आता उजव्याच हाताच्या अंगठ्याने त्याच हाताची करंगळी टेका, ही दुसरी. अनामिका तिसरी, मधलं बोट चौथी. पुन्हा टाळी, ही पाचवी, आणि बोटांवर सहा, सात, आठ. नवव्या मात्रेला टाळी द्यायची नाही. उजवा हात उजवीकडे बाजूला न्यायचा आणि तळवा आभाळाकडे उघडायचा. हात तिथेच ठेवून अंगठ्याने दहा, अकरा, बारा मोजायचे. तेराव्या मात्रेला हात परत आणून टाळी, मग चौदा, पंधरा, सोळा बोटांवर, आणि पुन्हा सम.

बोटं डाव्या तळव्यावर आपटून मोजण्याचीही पद्धत आहे. मी ती शिकवत नाही. कालाच्या वेळी उजवा हात बाजूला असतो, तिथे बोट आपटायला डावा तळवाच नसतो. मग मुलं हात बाहेर नेऊन लगेच परत आणतात आणि त्या येण्याजाण्यात अर्धी मात्रा खातात. अंगठ्याने मोजलं तर चारही खंडांत बोटांचं काम एकच राहतं, बदलतो तो फक्त खंडाचा पहिला हावभाव.

एक गोष्ट हात बाहेर नेताना सांभाळायची. मात्रा नेमकी कुठे पडते? हात निघतो तेव्हा नाही, तर तळवा उघडून थांबतो तेव्हा. टाळीला आवाज असतो, त्यामुळे तिची वेळ आपोआप कळते. कालाला आवाज नाही, म्हणून हात थांबण्याची जागा स्वतःच ठरवावी लागते. हाताने गोल वळसा घेत नक्षी काढली की ही जागा पसरट होते. सरळ न्या, उघडा, थांबा.

आता याच हातावर ठेका म्हणा:

× धा धिं धिं धा
२ धा धिं धिं धा
० धा तिं तिं ता
३ ता धिं धिं धा

डावीकडच्या खुणा भातखंडे पद्धतीच्या आहेत: × म्हणजे सम, ० म्हणजे काल, २ आणि ३ म्हणजे दुसरी आणि तिसरी टाळी. इथे जाता जाता एक इशारा, खास आमच्याकडच्या लोकांसाठी. विष्णु दिगंबर पलुसकर मिरजेतच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले, आणि पुढे १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. त्यांच्या स्वरलेखन पद्धतीत समेला १ लिहितात आणि कालाला + अशी खूण करतात. या भागात जुन्या घरांतून त्या पद्धतीच्या वह्या अजून सापडतात. आजोबांच्या वहीतला + हा भातखंड्यांचा × समजून एका मुलाने अख्खी चीज कालावर सम धरून पाठ केली होती. आठ मात्रांनी उलटी! जुनी वही हातात घेतलीत, तर आधी कोणत्या पद्धतीची आहे ते पाहा. टाळ्यांच्या जागी ५ आणि १३ असे मात्रांचेच आकडे दिसले, तर ती पलुसकर पद्धत.

आता काकूंच्या चुकीकडे येऊ. 'धा' हा बोल दोन्ही हातांनी मिळून वाजतो. उजव्या हाताने तबल्यावर कडेचा खणखणीत 'ता', त्याच वेळी डाव्याने डग्ग्यावर घुमारा. 'धिं'लाही डग्गा असतो. 'तिं' आणि 'ता' यांत मात्र डग्ग्याची आस नसते, तिथे नुसता तबला बोलतो. हे लक्षात ठेवून ठेका पुन्हा वाचा. पहिल्या आठ मात्रांत डग्गा अखंड आहे. नववी मात्रा, जिथे आपला हात काल दाखवतो, तिथे 'धा' आहे, म्हणजे डग्गा अजून घुमतोच आहे. तो थांबतो दहाव्या मात्रेच्या 'तिं'ला. दहा, अकरा, बारा या तिन्ही मात्रा डग्ग्याविना जातात. तेराव्या मात्रेला आपण टाळी देतो, पण तिथे 'ता' आहे, डग्गा अजून परतलेला नाही. तो परततो चौदाव्या मात्रेच्या 'धिं'ला.

म्हणजे हाताचा काल नऊ ते बारा, आणि डग्ग्याचं मौन दहा ते तेरा. दोन्ही चार-चारच मात्रांचे, पण एक घर सरकलेले. काकू ऐकत होत्या डग्गा. तो थांबला की हात बाहेर काढायच्या. कान तरबेज होता, पण चुकीच्या खुणेवर विश्वास ठेवत होता.

यावर आम्ही जे केलं ते असं. तबलजीला म्हटलं, मिनिटाला ६० मात्रांच्या लयीत नुसता ठेका धर. म्हणजे आवर्तन बरोबर १६ सेकंदांचं. काकूंनी हात धरायचा आणि तोंडाने फक्त चार बोल म्हणायचे: आठव्या मात्रेचा 'धा', नवव्याचा 'धा', मग 'तिं तिं'. बाकी गप्प. दोन 'धा' लागोपाठ येतात, त्यातल्या दुसऱ्यावर तळवा उघडायचा. पहिल्या पाचसात आवर्तनांत त्या अडखळल्या, मग बसलं. नंतर तसंच दुसऱ्या टोकाला: बाराव्याचा 'ता', तेराव्याचा 'ता', मग 'धिं धिं'. दोन 'ता'मधल्या दुसऱ्यावर टाळी. खंडाच्या सांध्यावर त्रितालात बोल जोडीने येतो, आणि जोडीतला दुसरा बोल नव्या खंडाचा असतो. पाचव्या मात्रेलाही तेच: चौथा 'धा', पाचवा 'धा'. समेलाही: सोळावा 'धा', पहिला 'धा'. हे एकदा दिसलं की डग्ग्याच्या मौनाकडे पाहण्याची गरजच उरत नाही.

घरी एकट्याने करताना चूक कशी ओळखायची? मोबाइलवर ६० मात्रांची लय दोन मिनिटं ऐका, बंद करा, आणि स्वतःच्या हातावर आठ आवर्तनं ठेका म्हणत ध्वनिमुद्रित करा. आठ सोळे एकशे अठ्ठावीस, म्हणजे १२८ सेकंद लागायला हवेत. दोनचार सेकंद इकडेतिकडे झाले तर काळजी नको. पण ११८ किंवा १२० आले, तर तुम्ही पळताय. पुन्हा ऐका आणि नेमकं कुठे पळताय ते शोधा. माझ्या अनुभवात दहा जणांतले सात-आठ जण कालाच्या खंडात पळतात. टाळीचा आधार नसतो, हात हवेत असतो, आणि रिकाम्या जागेतून लवकर बाहेर पडायची घाई होते. उपाय साधा आहे: कालाच्या खंडात 'तिं तिं ता' थोडं ठासून म्हणा. आवाजाने ती जागा भरली की हात घाई करत नाही.

दुसरी अडचण वेगळ्या प्रकारची आहे, आणि ती मैफलीत भेटते. मिरजेत ख्वाजा शमना मीरा दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं होतं, तिथे शेजारी कुणी तरी हाताने ताल धरून बसलेलं असतंच. तुम्ही मध्येच येऊन बसलात आणि ताल त्रिताल आहे एवढं ओळखलंत. सम कुठे?

समेची टाळी जोरात असते म्हणून ती ऐकून कळेल, हा भरवसा सोडा. पहिला आणि दुसरा खंड बोलांनी अगदी सारखे आहेत, 'धा धिं धिं धा' दोन्हीकडे. हाताचं कामही दोन्हीकडे सारखंच, टाळी आणि तीन बोटं. त्यामुळे एक आणि पाच यांत गल्लत होणं साहजिक आहे. खात्रीची खूण आवर्तनात एकच, ती म्हणजे काल. शेजाऱ्याचा तळवा उघडला की पुढची टाळी तिसरी, आणि तिच्यानंतरची टाळी सम. हात दिसत नसेल तर मगाशी ज्या डग्ग्याने फसवलं तोच इथे कामाला येतो. मौनानंतर डग्गा परतला, तो क्षण 'एक' मोजा, मग 'दोन', 'तीन', आणि 'चार'वर सम. कारण तो परततो चौदाव्या मात्रेला, आणि चौदा, पंधरा, सोळा, सम असे चारच टप्पे उरतात. तबलजी ठेका भरून वाजवत असला, मधल्या जागा सजवत असला, तर ही खूण पुसट होते. पण साथीच्या मध्यलयीत बहुतेक वेळा ती ऐकू येते.

गाणाऱ्यांना नववी मात्रा आणखी एका कारणाने लागते. मध्यलयीतल्या पुष्कळ चिजा कालावरून उठतात. मुखडा नवव्या मात्रेला सुरू होतो आणि आठ मात्रांनी समेवर येतो. तळवा उघडणं आणि तोंड उघडणं एकाच क्षणी व्हायला हवं. जो डग्गा थांबल्यावर गायला लागतो तो दहाव्या मात्रेला उठतो, आणि त्याची सम दुसऱ्या मात्रेवर येऊन आदळते. तबलजीने समेवर थाप दिली आणि गाणाऱ्याची सम त्याच्या एक घर मागे पडली, असं ऐकू आलं तर शंभर टक्के दोष समेचा नसतो. उठण्याचा असतो. सम दुरुस्त करत बसू नका, उठाव दुरुस्त करा. सगळ्या चिजा नवव्या मात्रेवरूनच उठतात असं मात्र नाही, सातव्या आणि बाराव्या मात्रेवरूनही उठतात, म्हणून नवी चीज घेताना आधी नुसत्या हातावर तिचे शब्द बोलून पाहा.

आता एक उदाहरण पूर्ण करू. तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा म्हणून समेवर येणं. 'तिट कत धा' हा तीन मात्रांचा तुकडा घ्या. तीनदा म्हटला की नऊ मात्रा होतात. शेवटचा 'धा' समेवर हवा, आणि समेसकट मागे नऊ मात्रा मोजल्या तर आपण पोचतो नवव्या मात्रेवर. म्हणजे तिहाई कालावरून उठेल. मात्रा अशा पडतील:

नऊ तिट, दहा कत, अकरा धा
बारा तिट, तेरा कत, चौदा धा
पंधरा तिट, सोळा कत, सम धा

हात काय करतो ते पाहा. पहिल्या 'तिट'ला तळवा उघडतो. 'कत' आणि 'धा' बोटांवर जातात. दुसरा 'तिट' बाराव्या मात्रेला, मधल्या बोटावर. आणि आता कसोटी: दुसऱ्या 'कत'ला, तुकड्याच्या अगदी मध्यावर, तेराव्या मात्रेची टाळी द्यायची आहे. तोंड 'धा'कडे झेपावत असतं, हातालाही 'धा'वरच टाळी द्यावीशी वाटते. ती दिलीत तर टाळी चौदाव्या मात्रेवर गेली, पुढचं सगळं एक मात्रा सरकलं, आणि शेवटचा 'धा' येतो तेव्हा हात अजून मधल्या बोटावरच असतो. काकूंचं इथेही तसंच व्हायचं. शेवटी त्यांना म्हटलं, तोंडाने तिहाई म्हणू नका, फक्त दुसरा 'कत' तेवढा मोठ्याने उच्चारा, बाकी मनात. एकाच शब्दाला टाळी बांधली गेली. चार दिवसांनी पूर्ण तिहाई म्हणायला सांगितली तर टाळी आपल्या जागी पडली, पण 'कत' मात्र ओरडल्यासारखा यायचा. ते घालवायला आणखी एक आठवडा गेला.

दुगुणीत हीच तेढ जास्त बोचते. परीक्षेत ठेका दुगुणीत म्हणायला सांगतात, म्हणजे हात त्याच लयीत आणि तोंड दुप्पट: एका मात्रेत दोन बोल. हाताची लय वाढवणं ही सगळ्यांत मोठी चूक, आणि तीच सगळ्यांत जास्त होते. दुगुणीत मात्रेमात्रेला काय येतं ते लिहून ठेवा:

× धाधिं धिंधा धाधिं धिंधा
२ धातिं तिंता ताधिं धिंधा

आठ मात्रांत ठेका संपला. नवव्या मात्रेला, म्हणजे कालावर, तोच ठेका पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. आता पाचव्या मात्रेवर थांबून पाहा. हात देतोय दुसरी टाळी, आणि तोंड म्हणतंय 'धातिं', म्हणजे एकपटीतली कालाची जागा. इथे हात आपसूक बाहेर जातो. त्याला दोष देऊ नका, त्याने आठवडेच्या आठवडे 'धा तिं' म्हटलं की तळवा उघडायचा हेच केलंय. म्हणून दुगुणीसाठी आधी तोंड बंद ठेवून नुसत्या टाळी-टाळी-काल-टाळीची दोन आवर्तनं करा, आणि मग हात न थांबवता तोंड चालू करा. सुरुवातीला दुगुण समेपासून नको, नवव्या मात्रेपासून घ्या. एकदाच ठेका म्हणून समेला पोचता येतं, आणि त्या अर्ध्या आवर्तनात दुसऱ्या टाळीचा सापळा लागतच नाही. तिथे 'धातिं'ला तेराव्या मात्रेची टाळी येते.

लय वाढली की बोटं सोडा. मिनिटाला दीडशे मात्रांच्या पुढे अंगठा धावत सुटतो आणि मोजण्याऐवजी घोळ घालतो. तिथे फक्त टाळी आणि काल, दर चार मात्रांनी एक हावभाव. मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत लयीत हा हावभाव बरोबर सेकंदाला एक पडतो, आणि तो घड्याळाइतका शांत दिसायला हवा.

त्रिताल पक्का झाल्यावर लगेच झपतालाकडे वळाल तर एक जपा. झपतालात दोन-तीन-दोन-तीन अशा दहा मात्रा, 'धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना', टाळ्या एक, तीन आणि आठ या मात्रांवर, काल सहाव्यावर. तिथे सहाव्या मात्रेलाच 'ती' येतो आणि आठव्या मात्रेच्या टाळीला 'धी', म्हणजे डग्गा टाळीबरोबरच परततो. त्रितालात शिकलेली एका घराची सवय तिथे लावू नका. रूपकात तर पहिलीच मात्रा काल असते, 'ती ती ना' असा ठेका उघडतो आणि समेलाच तळवा वर होतो. तिथे समेवर टाळी देणारे हात मी दर परीक्षेआधी पाहतो.

काकूंची तोंडी परीक्षा झाली त्या दिवशी मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. दार अर्धवट उघडं होतं, आत काय विचारतात ते नीट ऐकू येत नव्हतं, फक्त टाळ्या ऐकू येत होत्या. टाळी, टाळी, मग मोठी शांतता, मग टाळी. मी सवयीने माझ्या मांडीवर बोटं मोजत होतो. शांतता बरोबर आठ मात्रांची भरली.